चौकशी चालू असताना राजीनामा दिला तर पेन्शन वाचते का?

पत्र : मी सांगली जिल्ह्यातील एका डाकघरात डाक सहायक आहे. १९९७ च्या जुलैत पुण्यात संरक्षण लेखा विभागात लागलो. तीन वर्षांनी रीतसर परवानगी घेऊन तिथला राजीनामा दिला आणि लगेच टपाल खात्यात रुजू झालो. त्याला पंचवीस वर्षे झाली. मुलाच्या आजारपणात चौदा महिने गैरहजर राहिलो, रजेचे अर्ज वेळेवर गेले नाहीत. नियम १४ खाली चौकशी झाली आणि आरोप सिद्ध झाल्याचा अहवाल नुकताच हाती आला आहे. सहकारी म्हणतात, बडतर्फीचा आदेश निघण्याआधी राजीनामा दे, म्हणजे पेन्शन वाचेल. आणि ती नाही वाचली तरी संरक्षण लेखा विभागातली तीन वर्षे वेगळ्या खात्यातली असल्याने शाबूत राहतील. काय करू?

उत्तर : स. न. वि. वि.

राजीनामा देऊ नका. दिला असेल आणि तो अजून मंजूर होऊन अमलात आला नसेल, तर आजच लेखी अर्ज करून मागे घ्या आणि त्या अर्जाची पोच घ्या. तुमच्या सहकाऱ्यांचा सल्ला आपुलकीचा असला तरी केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन नियमांच्या नेमका उलट आहे, आणि या गैरसमजापायी वीस-पंचवीस वर्षांची नोकरी झालेली माणसे रिकाम्या हाताने घरी गेली आहेत.

तुमची नेमणूक १ जानेवारी २००४ च्या आधीची असल्याने तुम्हाला जुनी पेन्शन योजना लागू आहे. तिचे नियम आधी १९७२ चे होते. डिसेंबर २०२१ पासून त्यांची जागा केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, २०२१ यांनी घेतली, पण या प्रश्नापुरता मूळ सांगाडा तोच राहिला आहे. त्या सांगाड्यात दोन तरतुदी जवळजवळ शेजारी आहेत. १९७२ च्या नियमांत नियम २४ असा होता की कर्मचाऱ्याला बडतर्फ केले किंवा सेवेतून काढून टाकले तर त्याची मागची सेवा बाद होते, आणि नियम २६ असा की कर्मचाऱ्याने राजीनामा दिला तरी त्याची मागची सेवा बाद होते. पेन्शन ही सेवेच्या वर्षांवर उभी असते. सेवाच बाद झाली की पेन्शन काढायला काही उरत नाही, मग ती सेवा दहा वर्षांची असो की तीस. राजीनामा स्वखुशीने दिला, कारण सच्चे होते, नोकरी निष्कलंक होती, यांपैकी कशानेही हा परिणाम बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या वीज कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात (बीएसईएस यमुना पॉवर विरुद्ध घनश्याम चंद शर्मा) हेच स्पष्ट केले. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सेवा वीस वर्षांची झाली होती एवढ्या आधारावर राजीनाम्याला नंतर स्वेच्छानिवृत्ती समजता येत नाही, असे त्या निकालात म्हटले आहे.

म्हणजे पेन्शनच्या बाबतीत राजीनामा हा बडतर्फीपेक्षा सौम्य मार्ग नाही, आणि तुमच्या परिस्थितीत तर तो अधिक घातक आहे. बडतर्फ झालेल्या किंवा काढून टाकलेल्या कर्मचाऱ्यासाठी नियम ४१ मध्ये अनुकंपा भत्त्याची एक वाट ठेवलेली आहे, ती राजीनामा देणाऱ्यासाठी नाही. बडतर्फीला अपील आहे. स्वतःच्या सहीने दिलेल्या आणि मंजूर झालेल्या राजीनाम्याविरुद्ध अपील कशाचे करणार? अमलात आलेला राजीनामा नंतर मागे घेण्याची सोय नियमांत आहे खरी, पण तिच्या अटी वाचल्या की ती तुमच्यासाठी नाही हे कळते. राजीनाम्याचे कारण सचोटी, कार्यक्षमता किंवा वर्तणूक यांच्याशी संबंध नसलेले आणि नाइलाजाचे असले पाहिजे, राजीनामा अमलात आल्यापासून पुन्हा रुजू होईपर्यंतचा काळ नव्वद दिवसांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि जागा रिकामी असली पाहिजे. आरोपपत्र हातात असताना दिलेला राजीनामा पहिल्याच अटीवर अडतो.

राजीनाम्यानंतर हातात काय पडेल हेही पाहून घ्या. भविष्य निर्वाह निधीतील तुमची रक्कम कुठेच जात नाही, ती बडतर्फीतही मिळते. अर्जित रजेपैकी निम्म्या रजेचा पगार, जास्तीत जास्त दीडशे दिवसांचा, मिळतो. पेन्शन नाही, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी नाही आणि तुमच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतनही नाही.

आता तुमच्या पहिल्या तीन वर्षांकडे येतो. संरक्षण लेखा विभागातून तुम्ही परवानगी घेऊन, दुसऱ्या केंद्र सरकारी नेमणुकीसाठी राजीनामा दिला. याला तांत्रिक राजीनामा म्हणतात, आणि राजीनाम्याने सेवा बाद होते या नियमाला तो सरळ अपवाद आहे. अशी सेवा पुढच्या सेवेला जोडली जाते. दोन्हींच्या मध्ये पदग्रहण अवधीइतका, म्हणजे नव्या जागी रुजू व्हायला मिळणाऱ्या दिवसांइतका, खंड पडला असेल तर तोही शिल्लक रजेने किंवा रीतसर क्षमापनाने भरून निघतो. अट इतकीच की परवानगी आधी घेतलेली असावी आणि राजीनामा मंजूर करणाऱ्या आदेशात तो दुसऱ्या सरकारी नेमणुकीसाठी आहे असा स्पष्ट उल्लेख असावा, शिवाय त्याची नोंद सेवापुस्तकात असावी. पुष्कळांच्या बाबतीत घोळ इथे होतो. परवानगी असते, पण आदेशात नुसते "राजीनामा मंजूर" एवढेच लिहिलेले असते, आणि जुने कार्यालय सेवापुस्तक पाठवताना ती नोंद करायची राहून जाते. अठरा वर्षांची सेवा झाल्यावर कार्यालयाने अर्हताकारी सेवेची, म्हणजे पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या सेवेची, पडताळणी करून दाखला द्यायचा असतो. तो तुम्हाला मिळाला असेल तर त्यात १९९७ ते २००० हा काळ धरला आहे का ते पाहा. मिळाला नसेल तर सेवापुस्तक पाहण्यासाठी अर्ज करा.

पण सहकारी ज्या अर्थाने ही तीन वर्षे "शाबूत" म्हणतात तो अर्थ चुकीचा आहे. जोडलेली सेवा वेगळी उरत नाही. दुधात घातलेले पाणी जसे परत वेगळे काढता येत नाही, तशी ती टपाल खात्यातल्या सेवेत मिसळून गेली आहे. आज तुम्ही राजीनामा दिला किंवा तुम्हाला बडतर्फ केले, तर जी "मागची सेवा" बाद होईल ती अठ्ठावीस वर्षांची असेल, पंचवीस वर्षांची नव्हे. आणि समजा ती तीन वर्षे कशीतरी वेगळी राखता आली असती, तरी त्यांचा उपयोग नव्हता, कारण पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची अर्हताकारी सेवा लागते.

तुमच्या सहकाऱ्यांचा समज बहुधा दोन ठिकाणांहून आला असावा, आणि दोन्हींचा तुमच्याशी संबंध नाही. एक म्हणजे दूरसंचार खात्यातून भारत संचार निगम किंवा महानगर टेलिफोन निगममध्ये सामावून घेतलेले कर्मचारी. त्यांना निगमाने पुढे गैरवर्तणुकीसाठी बडतर्फ केले तरी सरकारातल्या आधीच्या सेवेचे लाभ बाद होत नाहीत, अशी तरतूद होती. मे २०२५ मध्ये नियम ३७ मध्ये दुरुस्ती होऊन ती उलटली. आता सामावून घेतल्यानंतरच्या गैरवर्तणुकीसाठी निगमाने बडतर्फ केले किंवा काढून टाकले, तर सरकारी सेवेचे लाभही जातात. मात्र निगमाच्या निर्णयाचा फेरविचार संबंधित मंत्रालय करू शकते. दुसरे म्हणजे माजी सैनिक. साताऱ्या-कोल्हापुराकडे सैन्यातून निवृत्त होऊन टपाल खात्यात लागलेले पुष्कळ जण आहेत. त्यांना नागरी नोकरीत येताना निवड करायची असते : लष्करी पेन्शन चालू ठेवायची आणि ती सेवा इथे मोजायची नाही, किंवा लष्करी लाभ सोडून ती सेवा इथे जोडून घ्यायची. ज्याने पहिला पर्याय घेतला त्याची लष्करी पेन्शन ही वेगळ्या सेवेतून आधीच कमावलेली असते, त्यामुळे टपाल खात्यातली बडतर्फी त्या सेवेला बाद करत नाही. ज्याने सेवा जोडून घेतली त्याची ती सेवा तुमच्या तीन वर्षांसारखीच नव्या सेवेबरोबर जाते. आधीची सेवा वाचते की नाही हे ती वेगळ्या खात्यात झाली होती का यावर ठरत नाही. ती पुढच्या सेवेला जोडली गेली आहे का यावर ठरते.

आता पुढे काय करायचे ते सांगतो. चौकशी अहवाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तुम्हाला शिस्तभंग प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत बहुधा अधीक्षक डाकघर यांच्याकडे, लेखी निवेदन करता येते. हे पंधरा दिवस आज तुमच्याकडची सर्वांत मोलाची गोष्ट आहेत. निवेदनात दोन मुद्दे ठेवा, तिसरा भरू नका.

पहिला मुद्दा असा की गैरहजेरी होती, पण ती हेतुपुरस्सर नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये कृष्णकांत परमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात म्हटले आहे की विनापरवानगी गैरहजेरी प्रत्येक वेळी कर्तव्यात कसूर ठरत नाही. आजार, अपघात, रुग्णालयात दाखल असणे अशा हाताबाहेरच्या कारणांनीही माणूस गैरहजर राहतो, आणि गैरहजेरी हेतुपुरस्सर होती असा निष्कर्ष काढल्याशिवाय गैरवर्तणूक सिद्ध झाली असे म्हणता येत नाही. तुमच्या अहवालात चौकशी अधिकाऱ्याने हेतूबद्दल काही लिहिले आहे का, ते शोधा. नुसते दिवस मोजून आरोप सिद्ध ठरवला असेल तर तेच नेमके निवेदनात मांडा आणि मुलाच्या उपचारांची कागदपत्रे तारखेच्या क्रमाने जोडा. उशिरा गेलेले का होईना, तुम्ही रजेचे अर्ज केले होते ही गोष्टही इथेच येते.

दुसरा मुद्दा शिक्षेचा आहे. मोठ्या शिक्षांपैकी नोकरी संपवणाऱ्या तीन आहेत : सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फी. शेवटच्या दोन्हींत फरक इतकाच की काढून टाकलेल्या माणसाला पुढे सरकारी नोकरीचे दार बंद नसते आणि बडतर्फ झालेल्याला सामान्यतः ते बंद असते. पेन्शनवर परिणाम सारखाच. सक्तीची सेवानिवृत्ती मात्र वेगळी आहे. तीही शिक्षाच आहे, पण तिने सेवा बाद होत नाही. नियम ४० प्रमाणे पेन्शन आणि उपदान दोन्ही मिळतात, फार तर एकतृतीयांश कमी होऊन. म्हणून निवेदनात आरोप नाकारल्यावरही पर्यायी विनंती जरूर करा की शिक्षा द्यायचीच असेल तर ती सेवा बाद करणारी नसावी. अशी विनंती म्हणजे आरोपाची कबुली नव्हे, आणि तुम्ही ती नाही केली तर तुमच्या वतीने दुसरे कोणी करणार नाही.

आकड्यांत फरक असा पडतो. मूळ वेतन ५२,००० रुपये धरू. अठ्ठावीस वर्षांतून चौदा महिने वजा केले तर अर्हताकारी सेवा सव्वीस वर्षे दहा महिने राहते. दहा वर्षांनंतर पेन्शन मूळ वेतनाच्या निम्मी असते, म्हणून ती २६,००० रुपये. ज्या चौदा महिन्यांची आणि पहिल्या तीन वर्षांची तुम्हाला काळजी आहे त्यांचा या रकमेवर काहीच परिणाम होत नाही, कारण पंचवीस वर्षे धरली काय आणि अठ्ठावीस धरली काय, पेन्शन निम्मीच. फरक पडतो तो उपदानात, कारण ते दर सहा महिन्यांच्या सेवेला पाव वेतन या हिशेबाने मोजतात. तुमच्या सेवेतल्या चोपन्न अर्धवर्षांचे साडेतेरा महिन्यांचे वेतन होते, म्हणजे महागाई भत्ता न धरताही ७,०२,००० रुपये. सक्तीच्या सेवानिवृत्तीत दरमहा २६,००० मिळतील, किंवा जास्तीत जास्त कपात झाली तर सुमारे १७,३३३ रुपये, आणि उपदान त्याच मर्यादेत. राजीनाम्यात दोन्ही शून्य.

चौदा महिन्यांबद्दल आदेशात काय शब्द येतात ते मात्र नीट पाहा. शिल्लक रजा खात्यावर टाकून तो काळ रजेत धरला गेला तर उत्तम. "सेवा म्हणून गणला जाणार नाही, पण खंडही मानला जाणार नाही" असे लिहिले, तर मधले महिने जातात आणि आधीची सेवा राहते. पण "सेवेत खंड" असे लिहिले गेले तर खंडाच्या आधीची सगळी सेवा धोक्यात येते, आणि तो खंड क्षमापित करून घेण्याची वेगळी लढाई लढावी लागते. खंड ठरवण्याआधी तुमचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे निवेदनातल्या शिक्षेच्या मुद्द्यातच लिहून ठेवा.

स्वेच्छानिवृत्तीचा विचार मनात आला असेल तर त्याबद्दल थोडे सांगतो. वीस वर्षांनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन ती मागता येते आणि तिच्यात पेन्शन मिळते. परंतु मोठ्या शिक्षेची कार्यवाही चालू असेल आणि प्राधिकाऱ्याला काढून टाकणे किंवा बडतर्फी योग्य वाटत असेल, तर तो ती नाकारू शकतो. तुमची चौकशी पूर्ण झालेली असल्याने ती मिळण्याची आशा मला कमी वाटते. तरीही नोटीस देण्यात तोटा नाही. फक्त अर्जात "राजीनामा" हा शब्द कुठेही येऊ देऊ नका आणि अर्ज स्वेच्छानिवृत्तीच्या तरतुदीखाली आहे असे स्पष्ट लिहा. घाईत "मला नोकरीतून मुक्त करावे" असे लिहिलेल्या अर्जांना कार्यालयांनी राजीनामा समजल्यामुळे पुढे वर्षानुवर्षे वाद चालतात.

आणि एवढे करूनही बडतर्फी झाली तर? आदेश मिळाल्यापासून पंचेचाळीस दिवसांत अपील करा. तिथे यश नाही आले तर मुंबईच्या केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे एका वर्षात जाता येते. अपिलात तुम्हाला परत घेतले तर मागची सेवा पुन्हा मोजली जाते. फक्त बडतर्फीपासून परत रुजू होण्यापर्यंतचा काळ सेवा म्हणून धरायचा की नाही, हे आदेशात वेगळे लिहिलेले असावे लागते. ते वाक्य नसेल तर मागून घ्या.

अपिलाबरोबरच, त्याची वाट न पाहता, नियम ४१ खाली अनुकंपा भत्त्याची मागणी करा. बडतर्फ करणाऱ्या प्राधिकाऱ्यानेच आदेशापासून तीन महिन्यांच्या आत याचा विचार करायचा, असे २०२१ च्या नियमांत आहे, पण कार्यालय स्वतःहून आठवण ठेवेल या भरवशावर राहू नका. हा भत्ता मिळू शकणाऱ्या पेन्शनच्या आणि उपदानाच्या दोनतृतीयांशापर्यंत देता येतो आणि तो चालू असताना तुमचे काही झाले तर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. तो हक्क नव्हे, विवेकाधीन आहे. पण "बडतर्फ झाला म्हणजे गुन्हा गंभीर, म्हणून भत्ता नाही" असे एका ओळीत उत्तर देता येत नाही. एप्रिल २०१४ मध्ये महिंदर दत्त शर्मा विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बडतर्फीला कारण झालेली गैरवर्तणूक कोणत्या प्रकारची आहे ते पाहिले पाहिजे : नैतिक अधःपतनाची आहे का, मालकाशी अप्रामाणिकपणाची आहे का, स्वतःच्या फायद्यासाठी केलेली आहे का, तिसऱ्या माणसाला जाणूनबुजून इजा करणारी आहे का. ते प्रकरणही दिल्ली पोलिसांतील एका कर्मचाऱ्याच्या गैरहजेरीचे होते. तुमच्याविरुद्ध पैशाचा, ठेवीदारांच्या खात्यांचा किंवा खोट्या नोंदींचा आरोप नाही. असता, तर मी तुम्हाला इतक्या विश्वासाने हा मार्ग सांगितला नसता, कारण सेवा अप्रामाणिक होती असा निष्कर्ष ज्यातून निघतो त्या प्रकरणांत हा भत्ता क्वचितच मिळतो. गरिबी ही त्यासाठीची आवश्यक अट नाही, पण अवलंबून असलेल्या पत्नी-मुलांचा विचार करता येतो, असे सरकारच्या जुन्या मार्गदर्शनातच आहे. मुलाच्या आजाराची कागदपत्रे इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतील.

हे सारे केंद्र सरकारच्या नियमांबद्दल आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ पाहावेत. राजीनाम्याने सेवा बाद होण्याचे तत्त्व तिथे नियम ४६ मध्ये आहे, पण इतर तपशील इथले जसेच्या तसे लावू नयेत. २००४ नंतर केंद्रात लागलेल्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना असल्याने त्यांचा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेचा आहे.

निवेदनाचा मसुदा तयार झाला की तो कर्मचारी संघटनेतल्या, सेवाविषयक प्रकरणे हाताळलेल्या माणसाला किंवा न्यायाधिकरणात काम करणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा, आणि पंधराव्या दिवसापर्यंत थांबू नका. अहवालाच्या पाकिटावर पोच केल्याची जी तारीख आहे तिथपासून दिवस मोजायला लागले आहेत.